तिजोरीची किल्ली तिजोरीत नको! : ज्येष्ठांसाठी पासवर्ड मॅनेजरच्या कार्यशाळेची संहिता

फोंड्यातील एका गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. वय बहात्तर. टेबलाच्या खणात एक जुनी डायरी, तिच्यात जीमेल, वीजबिल, आयकर आणि बँक यांचे पासवर्ड. त्यांतील निम्मे खोडलेले, काहींच्या बाजूला ‘नवा’ असा शेरा आणि त्या ‘नव्या’वरही पुन्हा काट. जुना मोबाईल पडून फुटला म्हणून त्यांनी नवा घेतला. नव्या मोबाईलने जीमेलचा पासवर्ड विचारला. डायरीतील तिन्ही पासवर्ड चुकले. पासवर्ड विसरल्याची नोंद केल्यावर पडद्यावर सूचना आली, की पडताळणीचा संकेतांक ७१ या आकड्यांनी संपणाऱ्या क्रमांकावर पाठवला जाईल. तो क्रमांक मुलाचा होता. तो मस्कतला नोकरीला असताना त्यानेच आईचे खाते उघडून दिले होते. मुलगा परत येऊन काही वर्षे लोटली आणि तो क्रमांक केव्हाच बंद झाला. आता बँकेचे विवरणपत्र, आयकराच्या नोटिसा, परदेशातील नातीची छायाचित्रे हे सारे त्या एका बंद दारामागे राहिले.

या घटनेत कोणीही चोरी केलेली नाही. ज्येष्ठांसाठीच्या सायबर शिबिरांत बहुतेक वेळ भामट्यांपासून सावध राहण्यावर खर्च होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु स्वतःच्याच खात्याबाहेर राहण्याची पाळी हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उपायही वेगळे आहेत. पासवर्ड मॅनेजर हा त्यावरचा चांगला उपाय ठरतो. मात्र तो चुकीच्या क्रमाने शिकवला तर एका दाराऐवजी सगळी दारे एकदम बंद होतात. म्हणून सोसायटीत अशी कार्यशाळा घेताना कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे कागदावर ठरलेले असावे. पुढील संहिता त्याच हेतूने मांडली आहे.

दोन बैठका, मध्ये एक आठवडा

कार्यशाळा एका दिवसात उरकू नये. दीड-दीड तासाच्या दोन बैठका घ्याव्यात आणि त्यांच्यामध्ये किमान आठ दिवस जाऊ द्यावेत. याला तांत्रिक कारणही आहे. गुगल खात्याला जोडलेला पडताळणीचा क्रमांक बदलला, तरी पुढील सात दिवस गुगल जुन्या क्रमांकावर संकेतांक पाठवण्याचा पर्याय दाखवू शकते. पहिल्या दिवशी केलेली दुरुस्ती पक्की झाली की नाही, हे त्यामुळे आठवड्यानंतरच नीट तपासता येते.

एका बैठकीत सहा ते आठ जणच असावेत आणि दर तीन जणांमागे एक मदतनीस असावा. सोसायटीतील महाविद्यालयीन मुले हे काम उत्तम करतात; पण त्यांना एक नियम आधी सांगावा लागतो. दुसऱ्याच्या मोबाईलला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून केवळ तोंडाने सांगायचे. ‘द्या काकी, मी करून देतो’ या वाक्यातूनच वरच्या उदाहरणातील मस्कतचा क्रमांक खात्यात शिरला होता. आजोबा किंवा काकी पासवर्ड टंकत असताना मदतनिसाने पाठ फिरवून उभे राहावे.

निमंत्रणाच्या चिठ्ठीत चारच गोष्टी आणायला सांगाव्यात : पूर्ण चार्ज केलेला मोबाईल, चष्मा, घरातील पासवर्डची डायरी आणि पेन. डायरी आणल्याबद्दल कोणालाही हसू नये. कागदावर लिहून ठेवण्याची त्यांची सवय पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिली बैठक : आधी ईमेल, मग तिजोरी

पहिल्या अर्ध्या तासात पासवर्ड मॅनेजरचे नावही काढू नये. सूत्रधाराने एवढेच सांगावे : “आज आपण तिजोरी विकत घ्यायला आलो आहोत, पण त्याआधी घराचा मुख्य दरवाजा आपल्या किल्लीने उघडतो का, ते पाहू.” हा मुख्य दरवाजा म्हणजे ईमेल. इतर बहुतेक खात्यांचा पासवर्ड विसरला, तर नवा पासवर्ड बनवण्याची वाट ईमेलमधूनच जाते.

प्रत्येकाने मोबाईलवरील गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन Security हा विभाग उघडावा आणि दोन ओळी मोठ्याने वाचाव्यात : Recovery phone आणि Recovery email. तिथला मोबाईल क्रमांक आज स्वतःच्या हातात आहे का? तिथला ईमेल पत्ता अजून उघडतो का? याच टप्प्यावर खोलीत कुजबुज सुरू होते. कोणाचा क्रमांक मुलीचा निघतो, कोणाचा दिवंगत पतीचा, कोणाचा रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. ज्यांचे खाते अजून मोबाईलवर उघडे आहे, त्यांनी तो तिथल्या तिथे बदलावा. बदल करताना गुगल पासवर्ड विचारते. तो आठवत नसेल, तर दुरुस्तीची योग्य वेळ हीच असते, कारण ओळखीच्या, आधीपासून खाते उघडे असलेल्या मोबाईलवरून ती बहुधा सोपी जाते. मोबाईल फुटल्यावर तेच काम कित्येक पटींनी अवघड होते.

पुढचे पाऊल Backup codes चे. द्विस्तरीय पडताळणी सुरू असलेल्या खात्याला गुगल आठ अंकी दहा संकेतांक देते. प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो. नवा संच मागवला की जुना संच रद्द होतो. मोबाईल हरवला किंवा सिम बंद पडले, तरी यांतील एका संकेतांकाने खात्यात शिरता येते. हे दहा आकडे कागदावर पेनाने उतरवून घ्यावेत आणि वर तारीख घालावी. त्यांचे छायाचित्र काढून मोबाईलमध्येच ठेवणे निरर्थक आहे, कारण संकेतांकांची गरज मोबाईल नसतानाच पडते.

तिजोरीची ओळख

दुसऱ्या अर्ध्या तासात पासवर्ड मॅनेजर समोर आणावा. उदाहरणासाठी Bitwarden हे ॲप घेतले आहे, कारण त्याच्या विनामूल्य आवृत्तीत कितीही पासवर्ड आणि कितीही उपकरणे चालतात. इतर पर्यायही आहेत. परंतु एका कार्यशाळेत एकच ॲप शिकवावे.

समजावून सांगण्याची गोष्ट एवढीच. सगळे पासवर्ड एका तिजोरीत राहतात. त्या तिजोरीला एकच मास्टर पासवर्ड असतो, त्याला आपण गुरुकिल्ली म्हणू. गुरुकिल्लीशिवाय आतला मजकूर वाचता न येण्यासारखा कूटबद्ध असतो आणि ही गुरुकिल्ली कंपनीकडेही नसते. म्हणूनच कंपनीच्या संगणकातून चोरी झाली, तरी चोराच्या हाती कूटबद्ध मजकूरच लागतो. पण त्याच कारणाने, गुरुकिल्ली हरवली तर कंपनी ती परत देऊ शकत नाही. बँकेत जाऊन अर्ज भरून नवी किल्ली मिळते, तशी सोय इथे नाही. हे वाक्य सूत्रधाराने दोनदा सांगावे आणि तिसऱ्यांदा एखाद्या सहभागीच्या तोंडून वदवून घ्यावे.

गुरुकिल्ली कशी घडवावी?

Bitwarden ला किमान बारा अक्षरांची गुरुकिल्ली लागते. `Ganesh@1953` यासारखे पासवर्ड लक्षात राहतात खरे, पण देवाचे नाव, एक चिन्ह आणि जन्मवर्ष हा साचा सर्वांना ठाऊक असल्याने ते तुटायलाही सोपे असतात. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच साधे शब्द घ्यावेत. शब्द मनाने निवडू नयेत, कारण मन नेहमी ओळखीच्या वाटेने जाते. मराठी शब्दकोश डोळे मिटून उघडावा, पानावर बोट ठेवावे आणि बोटाजवळचा शब्द घ्यावा. असे पाच वेळा करावे.

इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे आणि कुलूपबंदीची बरीच प्रकरणे तिच्यातून जन्मतात. मराठी शब्द रोमन लिपीत लिहायची एकच रीत नाही. ‘विहीर’ हा शब्द आज `vihir` लिहिला जातो, तीन महिन्यांनी तोच हात `viheer` लिहितो. ‘झाड’ कधी `zad` होतो, कधी `jhaad`. शब्द बरोबर आठवतो, स्पेलिंग मात्र बदलते आणि दार उघडत नाही. म्हणून बोटाखाली आलेला शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येत असेल, तर तो सोडून पुढचा घ्यावा. ‘कमल’, ‘बटवा’, ‘नरम’, ‘सरबत’, ‘रथ’ यांसारख्या शब्दांत दीर्घ-ऱ्हस्वाचा घोळ कमी. सर्व अक्षरे लहान, शब्दांमध्ये आडवी रेघ, हा नियम सर्वांसाठी एकच ठेवावा :

```
kamal-batwa-naram-sarbat-rath
```

हे केवळ नमुन्यासाठी आहे. छापून आलेली गुरुकिल्ली कोणीही वापरू नये. या नमुन्यातही ‘बटवा’मध्ये `w` की `v`, असा प्रश्न उरतोच. अशा जागा हेरण्याचा सराव करण्यासाठी हे उदाहरण फळ्यावर लिहावे आणि कोणता शब्द बदलायला हवा, ते सहभागींनाच विचारावे.

खाते उघडताना आणखी एक बारीकशी निवड असते. Bitwarden ची खाती `bitwarden.com` आणि `bitwarden.eu` अशा दोन वेगळ्या ठिकाणी असतात. एकीकडे उघडलेले खाते दुसरीकडे सापडत नाही आणि पासवर्ड चुकल्याचाच भास होतो. गटाने एकच ठिकाण निवडावे आणि ते कागदावर लिहावे. गुरुकिल्ली टंकताना डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून अक्षरे पाहून घ्यावीत. कळफलक चुकून देवनागरीवर गेला असेल, तर तेही तेव्हाच दिसते.

एक कागद, दोन प्रती

पहिल्या बैठकीचा शेवट पेनाने होतो. प्रत्येकाला एक छापील तक्ता द्यावा. त्यात पाच रकाने असावेत : ईमेल पत्ता व त्याचा पासवर्ड; मोबाईलचे कुलूप उघडण्याचा पिन; Bitwarden ची गुरुकिल्ली आणि `.com` की `.eu`; गुगलचे दहा संकेतांक; तारीख.

हे सर्व कागदावर का? कारण यांतील कोणतीही गोष्ट तिजोरीच्या आतच राहिली, तर तिजोरी उघडणे अशक्य होऊ शकते. नव्या मोबाईलवरून Bitwarden मध्ये प्रवेश करताना, द्विस्तरीय पडताळणी लावलेली नसेल, तर ॲप ईमेलवर संकेतांक पाठवते. ईमेलचा पासवर्ड मात्र Bitwarden मध्ये ठेवलेला. ईमेल उघडायला तिजोरी हवी आणि तिजोरी उघडायला ईमेल हवा. हे चक्र प्रत्यक्ष घडते, आणि नेमके नवा मोबाईल घेतल्यावरच घडते. म्हणून मोबाईलचा पिन, ईमेलचा पासवर्ड आणि गुरुकिल्ली या तीन गोष्टी तिजोरीबाहेर राहिल्याच पाहिजेत.

कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक घरातील कपाटात, दागिने आणि घराची कागदपत्रे असतात तिथे. दुसरी बंद लिफाफ्यात, दुसऱ्या घरी राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे. लिफाफ्याच्या तोंडावर सही करावी, म्हणजे तो उघडला गेल्यास कळते. घरात कोणाकोणाचा वावर आहे, याचा विचार करूनच जागा ठरवावी. कागदाला चोरीचा धोका आहे, हे खरे. पण दूर देशातील भामट्याचा हात कपाटापर्यंत पोचत नाही. छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

मधला आठवडा : रोज एकच खाते

आठवडाभरासाठी गृहपाठ द्यावा : रोज एकच खाते तिजोरीत भरायचे आणि तेही आहे त्या पासवर्डसह. पासवर्ड बदलायची घाई करायची नाही. सुरुवात वीजबिल, रेल्वे आरक्षण यांसारख्या खात्यांपासून करावी. बँक सर्वांत शेवटी.

पासवर्ड बदलण्याची वेळ येईल तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी तिजोरीतील त्या नोंदीत नवा पासवर्ड तयार करून Save करायचे, आणि मगच तो संकेतस्थळावर घालायचा. उलटे केले आणि मध्येच फोन आला, तर संकेतस्थळावर नवा पासवर्ड लागू झालेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. उलटपक्षी, तिजोरीत नवा पासवर्ड साठवला पण संकेतस्थळाने तो नाकारला, तर त्या नोंदीखालील Password history मध्ये जुना पासवर्ड सापडतो.

एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन मात्र या तिजोरीतही भरू नयेत आणि कागदावरही लिहू नयेत. यूपीआयचा पिन विसरलाच, तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी यांच्या आधारे तो पुन्हा बनवता येतो.

दुसरी बैठक : जाणूनबुजून बाहेर पडणे

दुसऱ्या बैठकीची सुरुवात एका धक्क्याने करावी. सूत्रधार म्हणतो : “आता सर्वांनी Bitwarden मधून Log out व्हायचे.” चेहरे पडतात. पण कागद खरा आहे की नाही, हे तपासण्याचा दुसरा मार्ग नाही. प्रत्येकाने फक्त कागद समोर ठेवून पुन्हा आत यायचे.

फोंड्यातील त्या शिक्षिका या टप्प्यावर अडल्या असे समजू. पडद्यावर पासवर्ड चुकल्याची सूचना येते. मदतनीस हात मागे ठेवूनच विचारतो, “काकी, डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवा आणि एकेक अक्षर कागदाशी ताडून वाचा.” त्या वाचतात आणि चौथ्या शब्दावर थांबतात. कागदावर `sarbat` आहे, टंकताना `sharbat` झाले आहे. बोली आणि लेखन यांतला हा फरक. त्या शब्द दुरुस्त करतात आणि तिजोरी उघडते. हीच चूक सहा महिन्यांनी, कागदाविना, एकट्याने केली असती तर ती सापडली नसती. चाचणीत चुकलेल्या प्रत्येकाने तो शब्द बदलून सोपा घ्यावा, दोन्ही कागद नवे करावेत आणि जुने फाडून टाकावेत.

यानंतर एक सेटिंग तपासावे. Account security या विभागात ठरावीक वेळेनंतर तिजोरीचे काय व्हावे, याचे दोन पर्याय असतात : Lock आणि Log out. ज्येष्ठांसाठी Lock ठेवावा. Lock मध्ये तिजोरी मोबाईलवरच बंद होते आणि बोटाच्या ठशाने उघडता येते. Log out मध्ये ती मोबाईलवरून निघून जाते आणि दर वेळी सगळे सोपस्कार नव्याने करावे लागतात.

बोटाचा ठसा मात्र एक नवा धोका घेऊन येतो. ठशाने रोज दार उघडत राहिले, की गुरुकिल्ली महिनोन्‌महिने टंकलीच जात नाही आणि हळूहळू विस्मरणात जाते. वयोमानाने बोटांच्या रेषा झिजतात, ठसा एके दिवशी लागत नाही आणि त्याच दिवशी गुरुकिल्ली आठवत नाही. म्हणून दर रविवारी एकदा ठसा न वापरता गुरुकिल्ली टंकून तिजोरी उघडावी, आणि दर सहा महिन्यांनी कपाटातील कागद काढून पुन्हा ताडून पाहावा.

तिजोरीचा एक जादा फायदा याच बैठकीत दाखवावा. ती पासवर्ड भरताना संकेतस्थळाचा पत्ता ताडून पाहते. बँकेसारखे हुबेहूब दिसणारे खोटे पान उघडले असेल, तर ती आपणहून पासवर्ड सुचवत नाही. अशा वेळी पासवर्ड हाताने नक्कल करून भरण्याचा मोह टाळावा आणि पत्ता वाचावा. गुरुकिल्ली तर बँक, पोलीस वा कंपनी यांपैकी कोणीही फोनवरून विचारत नाही. विचारली तर समोरचा भामटा आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपल्यामागे काय?

शेवटची पंधरा मिनिटे एका अवघड प्रश्नासाठी राखून ठेवावीत. मालक रुग्णालयात असेल किंवा हयातच नसेल, तर तिजोरीचे काय? Bitwarden च्या सशुल्क आवृत्तीत Emergency Access नावाची सोय आहे. तिजोरीचा मालक एखाद्या विश्वासू व्यक्तीची आधीच नेमणूक करतो. त्या व्यक्तीने प्रवेश मागितला की मालकाने ठरवलेली मुदत सुरू होते. ती एक दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत असू शकते. त्या काळात मालकाने नकार दिला नाही, तर दार उघडते. ज्यांना एवढे नको, त्यांच्यासाठी नातेवाइकाकडचा सीलबंद लिफाफा तेच काम करतो.

पण एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. पासवर्ड हाती आला म्हणजे पैशांवर हक्क आला असे होत नाही. मृत व्यक्तीच्या खात्यातून तिचा पासवर्ड वापरून रक्कम काढणे वारसालाच अडचणीत आणू शकते. त्यासाठी बँकेतील नामनिर्देशन आणि मृत्युपत्र हीच योग्य वाट आहे. लिफाफ्याचा उपयोग कोणती खाती कुठे आहेत हे कुटुंबाला कळावे, वीजबिल भरता यावे, छायाचित्रे जपता यावीत, एवढ्यापुरता.

कार्यशाळा संपताना प्रमाणपत्रे वाटण्याऐवजी सूत्रधाराने तीनच प्रश्न विचारावेत. तुमच्या ईमेलला जोडलेला क्रमांक कोणाच्या खिशात आहे? तुमचा कागद कुठे आहे? आणि तो पाहून तुम्ही स्वतःच्या हाताने तिजोरी शेवटची कधी उघडलीत? ज्याला तिन्ही उत्तरे डायरी न चाळता देता आली, त्याचा मोबाईल उद्या पायऱ्यांवरून पडून फुटला तरी फुटेल तो मोबाईलच.